आजीच्या वहीतले दोन शेर

पाककृतींच्या जुन्या मराठी वह्यांत शेर दोन तऱ्हांनी येतो. एक शेर तराजूत तोलायचा आणि दुसरा भांड्याने मापायचा. वही लिहिणाऱ्या बाईला कुठे कोणता शेर घ्यायचा हे सांगावे लागत नसे, म्हणून तिने ते लिहूनही ठेवलेले नसते. अशी वही ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये आणायला बसलेल्या एका मुलाची ही गोष्ट आहे. मुलगा, आजी आणि वही कल्पित आहेत, पण मापे खरी आहेत आणि अडचणीही खऱ्या आहेत.

मुलगा नववीत आहे. वही आजीची असली तरी पहिली वीस-पंचवीस पाने तिने लग्नानंतर सासूबाईंच्या सांगण्यावरून उतरवून घेतलेली. त्यांत शेर, पायली, तोळे आहेत. मधल्या काही पानांवर, विशेषतः केक आणि बिस्किटांच्या कृतींमध्ये, पौंड आणि औंस येतात. शेवटी वाट्या आणि चमचे. भारतात मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत बाजारात तीच सक्तीची झाली. घरातली भांडी मात्र त्या तारखेला बदलली नाहीत. धान्याच्या कोठीत ठेवलेले मापटे पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले, त्यामुळे वहीत पान कोणत्या वर्षी लिहिले यावरून त्यातले माप ओळखता येत नाही.

मुलाची पहिली अडचण आकड्यांचीच होती. एका ओळीत ‘साखर १॥ शेर’ असे होते आणि त्याने ते एक शेर वाचून पुढचे दोन दंड पूर्णविरामासारखे सोडून दिले. जुन्या हिशेबी लिखाणात एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. १॥ म्हणजे दीड, २। म्हणजे सव्वादोन, २॥ म्हणजे अडीच. ही खूण माहीत नसेल तर साखर एक तृतीयांशाने कमी पडते, आणि पाक का जमत नाही याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

त्यानंतर तोलायच्या शेराचे कोष्टक. इंग्रजी अमलात १८३३ च्या नियमाने तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि रुपयाच्या नाण्याचे वजनही तेवढेच राहिले. मेट्रिक मापात हा तोळा ११.६६ ग्रॅमचा होतो. ८० तोळ्यांचा एक शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. पुढची सगळी वजने या शेराला अर्ध्याअर्ध्याने तोडत जातात. अच्छेर ४० तोळ्यांचा, पावशेर २० तोळ्यांचा, अदपाव किंवा नवटाक १० तोळ्यांचा आणि छटाक ५ तोळ्यांचा. ग्रॅममध्ये हे अनुक्रमे ४६७, २३३, ११७ आणि ५८ होतात. तोळ्याच्या खाली १२ मासे आणि माशाच्या खाली ८ गुंजा. मासा जवळजवळ एक ग्रॅमचा असल्यामुळे लक्षात ठेवायला सोपा जातो.

इथे सोपेपणाचा मोह होतो. शेर किलोच्या जवळ आहे, आणि सराफाच्या दुकानात आज दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. म्हणून मुलाने पहिल्या कच्च्या प्रतीत शेराला एक किलो आणि तोळ्याला दहा ग्रॅम लिहिले. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर फारसे चुकलेले वाटत नाहीत. पण गोड्या मसाल्याच्या पानावर धने एक शेर आणि लवंग, दालचिनी प्रत्येकी एक तोळा असेल, तर मूळ प्रमाण ८० ला १ आहे. त्याचे १००० ला १० केले की ते १०० ला १ होते. धने वाढले, लवंग घटली, आणि दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या. शंभर ग्रॅम धन्यांमागे सव्वा ग्रॅम लवंग हवी होती, ती एक ग्रॅम आली, म्हणजे मसाल्याचा वास एक पंचमांशाने उतरला. आजच्या लवंगांना वास राहिला नाही अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यातली थोडी तरी या कोष्टकाची असू शकते.

उपाय सरळ आहे. किलोभर धने घ्यायचे असतील तर तोळ्याच्या जागी साडेबारा ग्रॅम घ्यावेत. गोल आकडा हवाच असेल तर तो सगळ्या जिनसांना एकाच पटीत लावावा, प्रत्येक जिन्नस आपापल्या सोयीने गोल करू नये.

वहीत काही ठिकाणी ‘रुपयाभार’ असे लिहिले होते. मुलाने खिशातला रुपया काढून वजनकाट्यावर ठेवला आणि त्याला चार ग्रॅमच्या आतबाहेर वजन मिळाले. २०११ नंतरचे रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे, तर वहीतला रुपया जुना, एक तोळा भरणारा. घरात तराजूची वजने नसली तरी रुपये असत, म्हणून त्यांनीच जिन्नस तोलला जाई. आजच्या नाण्याने तोलले तर जिन्नस मूळच्या एक तृतीयांशही भरत नाही.

आता दुसरा शेर. धान्य, डाळी, पीठ घरात तोलत नसत, मापत असत. मापांची साखळीही दुपटीचीच आहे. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे पायलीत चार शेर. त्यावर मण, जो काही भागांत बारा पायल्यांचा आणि काही भागांत सोळा पायल्यांचा धरत. या शेराला ९३३ ग्रॅम लावता येत नाहीत, कारण तो जागा मोजतो, वजन नाही. त्यातून पायलीही गावोगाव लहानमोठी असे, त्यामुळे पुस्तकातल्या एका आकड्यावर विसंबणे धोक्याचे. ज्या घराची वही, त्या घराचे भांडे शोधणे हाच खात्रीचा मार्ग.

मुलाला कोठीच्या खोलीत एक पितळी मापटे आणि एक चिपटे मिळाले. दोन्ही घासून कोरडी केली, रिकामी तोलली, मग काठोकाठ पाणी भरून तोलली. मापट्यात ६०० ग्रॅम पाणी मावले, चिपट्यात ३००. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते, म्हणून तेच आकडे मिलिलिटरचे झाले. मापटे बरोबर चिपट्याच्या दुप्पट आले, म्हणजे दोन्ही भांडी एकाच साखळीतली आहेत आणि पोचा येऊन कुठले लहान झालेले नाही हेही कळले. दुप्पट भरले नसते तर ती दोन वेगळ्या घरांतून, कदाचित माहेरच्या आणि सासरच्या कोठीतून, एकत्र आलेली असण्याची शक्यता धरावी लागली असती. या घरचा मापी शेर १.२ लिटरचा आणि पायली ४.८ लिटरची ठरली.

एक गोष्ट तरीही उरते. माप सपाट भरायचे की शीग लावून? पसरट तोंडाच्या भांड्यावर तांदळाची शीग चांगलीच भर घालते आणि पिठाची शीग तर भरणाऱ्या हातावर असते. मुलाने आजीला विचारले.

“आजी, तू पायली शिगोशीग धरायचीस का?”

“धान्य घेताना-देताना शीग. घरात जिन्नस काढताना हात फिरवून सपाट करायचं. नाहीतर दर वेळी चकली वेगळी होईल की.”

हे वहीत कुठेच लिहिलेले नव्हते. वही लिहिणारी किंवा तिच्या हाताखाली शिकलेली बाई हयात असेपर्यंत अशी माहिती विचारूनच मिळते.

चकलीच्या भाजणीचे पान सगळ्यांत जास्त बोलके निघाले. त्यात लिहिले होते: तांदूळ एक पायली, हरभऱ्याची डाळ एक अधोली, उडदाची डाळ एक शेर, मुगाची डाळ एक मापटे, धने एक चिपटे, जिरे एक कोळवे. पहिली चार मापे शेरात मांडली की चार, दोन, एक आणि अर्धा असे प्रमाण होते. आज वाट्यांनी भाजणी करणारी अनेक घरे हेच प्रमाण धरतात. चार वाट्या तांदळांमागे पायलीभर धान्याचा हिशेब तसाच राहिला आहे, फक्त कुटुंब लहान झाले तसे भांडे लहान झाले.

या पानावर शेर मापी आहे हे कसे कळते? पायली, अधोली, चिपटे ही सगळी भरायची मापे आहेत आणि शेर त्यांच्या मधोमध आला आहे. पण समजा मुलाने तो वजनी धरला असता, तर नेमके कुठे बिघडले असते? तांदूळ आणि डाळी यांच्या बाबतीत फारसे नाही. कच्चा तांदूळ आणि सोललेल्या डाळी भांड्यात जवळजवळ सारख्याच गच्च बसतात. लिटरभर तांदूळ साधारण ८३० ग्रॅम भरतो आणि डाळीही त्याच्या आसपास. म्हणून मापाने घ्या की वजनाने, त्यांचे आपसातले प्रमाण तेच राहते. फरक धन्यांपाशी पडतो. धने आतून पोकळ आणि हलके असतात, लिटरभर धने जेमतेम ३३० ग्रॅम. चिपटेभर धने, म्हणजे ३०० मिलिलिटर, सुमारे १०० ग्रॅम झाले. तेच चिपटे वजनी शेराचा चौथा हिस्सा समजून घेतले तर २३३ ग्रॅम धने पडतात, दुपटीहून जास्त. अशी भाजणी काळपट होते आणि चकलीला धन्यांचा कडवट वास येतो. जिऱ्यांचेही थोडे तसेच, फक्त ते धन्यांपेक्षा काहीसे जड, कोळवेभर जिरे साठ ग्रॅमच्या आसपास.

जुन्या मापाचे ग्रॅम करताना सगळ्यांत आधी पाहायचे ते हे. जिथे सगळे जिन्नस एकाच मापाने घेतले आहेत आणि सारख्या जडपणाचे आहेत, तिथे मापाचा आकडा चुकला तरी पदार्थ बिघडत नाही, कारण प्रमाण टिकते. जिथे माप बदलते किंवा जिनसाचा जडपणा बदलतो, तिथे चूक पदार्थात उतरते.

भाजणीच्या त्याच पानाच्या खालच्या भागात माप खरोखरच बदलले आहे. तिथे चकली करायची कृती आहे: ‘शेरभर भाजणीस तेलाचे मोहन अदपाव, मीठ दोन तोळे.’ वर शेर मापी होता, मग इथेही तोच असेल असे वाटते. पण अदपाव आणि तोळे ही वजने आहेत. दोन शक्यता उरतात आणि दोन्ही आकड्यांनी तपासता येतात. शेर वजनी असेल तर ९३३ ग्रॅम भाजणीला ११७ ग्रॅम तेल, म्हणजे साडेबारा टक्के. शेर मापी असेल तर १.२ लिटर भाजणी. दळलेले पीठ सैल भरले तर लिटरमागे अर्धा किलो धरता येते, म्हणजे भाजणी ६०० ग्रॅम आणि तेल तेवढेच, जवळजवळ वीस टक्के.

मुलाने दोन्ही करून पाहिले. शंभर ग्रॅम भाजणीच्या दोन वाट्या, एकीत साडेबारा ग्रॅम कडकडीत मोहन, दुसरीत वीस. मीठ दोन्हींत अडीच ग्रॅम. पीठ मळून चार-चार चकल्या पाडल्या. पहिल्या वाटीतल्या तळून खुसखुशीत झाल्या. दुसऱ्या वाटीतल्या सोऱ्यातून पडतानाच तुटत होत्या आणि तेलात गेल्यावर विस्कटून तळाशी गाळ झाला. मोहन पिठाच्या कणांना तेलाचे आवरण देते आणि कण एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही, चकली खुसखुशीत होते ती त्यामुळेच. आवरण गरजेपेक्षा जास्त झाले की कण एकमेकांना धरतच नाहीत. तेव्हा इथला शेर वजनी. मिठाचाही तोच निकाल. दोन तोळे म्हणजे २३ ग्रॅम, आणि ९३३ ग्रॅम भाजणीला ते अडीच टक्के होते, चकलीला बरोबर लागते तेवढे. मापी शेर धरला असता तर मीठ चार टक्क्यांच्या जवळ गेले असते.

एकाच पानावर, दहा ओळींच्या अंतराने, शेराची दोन मापे. धान्य कोठीतून काढायचे म्हणून ते मापाने आले, तेल आणि मीठ वाण्याकडून तोलून यायचे म्हणून ते वजनाने आले. लिहिणाऱ्या बाईच्या हातात तेव्हा जे होते, त्याप्रमाणे माप बदलले. जिन्नस घरात कुठून यायचा एवढे विचारले तरी बऱ्याचशा शेरांचा उलगडा होतो.

ही तपासणी प्रत्येक पानावर जमत नाही, पण मीठ, मोहन आणि साखर या तीन जिनसांवर भरवसा ठेवता येतो, कारण त्यांचे प्रमाण थोडे ढळले तरी पदार्थ लगेच सांगतो. कैरीच्या लोणच्याच्या पानावर पाच शेर फोडींना एक शेर मीठ होते. दोन्ही वजनी धरले तर वीस टक्के येते, टिकाऊ लोणच्याला ते पटण्यासारखे आहे. मीठ मापी शेराने घेतले असते तर खडे मिठाचा १.२ लिटरचा शेर सव्वा किलोच्या वर गेला असता आणि लोणचे तोंडात धरवले नसते. उलट फोडी पाच किलो घेऊन मीठ ‘पाऊण किलो पुरे’ असे उरकले तर लोणचे चवीला बरे लागते, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी येण्याचा धोका वाढतो. तिथे चूक चार महिन्यांनी कळते, म्हणून लोणच्याचे आकडे गोल करताना मीठ कमी करू नये.

आणखी एक शेर वहीत असू शकतो आणि तो सगळ्यांत फसवा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा होता आणि त्याचेही ४० शेर होत. तो शेर सुमारे ३१८ ग्रॅमचा, ८० तोळ्यांच्या शेराच्या जेमतेम एक तृतीयांश. पुढे ८० तोळ्यांचा शेर सर्वत्र रूढ झाला, तरी आधीच्या पिढीकडून ऐकून उतरवलेल्या कृतीत लहान शेर शिल्लक असू शकतो. खूण अशी की, त्या कृतीतले मसाले आणि मीठ ९३३ ग्रॅमला अगदीच अपुरे वाटतात आणि ३१८ ला बरोबर बसतात. मुलाच्या वहीत असे पान निघाले नाही. केकच्या पानांवरचे पौंड आणि एका ठिकाणचा ‘रत्तल’ मात्र सोपे गेले. दोन्ही ४५४ ग्रॅमचे, औंस २८ ग्रॅमचा.

बारीक वजनांत वजनकाट्याची मर्यादा आड येते. श्रीखंडाच्या पानावर ‘केशर दोन गुंजा’ आहे. गुंज ०.१२ ग्रॅमची, दोन गुंजा पाव ग्रॅमच्याही आत. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंतच नेमका दाखवतो, इतके कमी केशर ठेवले तर शून्यच राहतो. अशा वेळी एक ग्रॅम केशर तोलून कागदावर त्याचे चार सारखे ढीग करावे आणि एक घ्यावा. जायफळ, वेलदोडे यांच्या माशांनाही हेच लागू. पाच ग्रॅमच्या आतले काहीही साध्या काट्यावर एकदा तोलून खरे मानू नये.

हाताची मापे मुलाने आजीकडूनच तोलून घेतली. ‘लिंबाएवढा गूळ’, ‘सुपारीएवढी चिंच’, ‘मूठभर तीळ’ असे लिहिले होते, पण लिंबू केवढे आणि मूठ कुणाची? आजीला त्याने प्रत्येक जिन्नस नेहमीसारखा घ्यायला सांगितला, तो काट्यावर ठेवला, परत डब्यात टाकून पुन्हा घ्यायला लावला. पाच-सहा वेळा घेतल्यावर आकडे जवळजवळ येतात आणि मधला आकडा लिहिता येतो. गुळाची ढेप नरम आहे की कडक, चिंच बियांसकट आहे की साफ केलेली, हेही शेजारी नोंदवावे लागते, कारण त्याशिवाय त्या ग्रॅमना अर्थ नाही.

वाटीबाबतही तीच काळजी घ्यावी लागली. वाटी आणि चमचा यांनी कृती सांगण्याची पद्धत रूढ करण्यात कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चा मोठा वाटा आहे. ती पद्धत सोपी पडते ती एका कृतीत एकच वाटी वापरल्यामुळे. वहीतली वाटी मात्र ग्रॅममध्ये न्यायची तर तीही पाण्याने मोजावी लागते. आजीची नेहमीची स्टीलची वाटी १५० मिलिलिटरची निघाली, मुलाच्या आईची २०० ची.

काही नोंदी मुलाने बदलल्याच नाहीत. ‘दोन पैशांची कोथिंबीर’ आणि ‘आण्याची वेलची’ यांना ग्रॅम नाहीत. हे १९५७ च्या आधीचे पैसे, रुपयाला ६४, आणि त्यांत किती जिन्नस यायचा ते त्या गावातल्या त्या दिवसाच्या भावावर अवलंबून. इथे आकडा घालणे म्हणजे अंदाजाला मापाचे रूप देणे. त्याने मूळ शब्द तसेच ठेवले आणि शेजारी आजी आज त्या पदार्थात किती घालते ते वेगळ्या शाईने लिहिले.

नव्या वहीत भाजणीचे पान असे उतरले. डावीकडे मूळची ओळ, जशी होती तशी. उजवीकडे पायलीच्या चौथ्या हिश्श्याचे आकडे, कारण आठ किलो भाजणी आता कुणी करत नाही: तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ ५००, उडदाची २५०, मुगाची १२५, धने २५, जिरे १५ ग्रॅम. त्याखाली: दर शंभर ग्रॅम भाजणीला मोहन साडेबारा आणि मीठ अडीच ग्रॅम. आणि तळाशी एक टीप: ‘वरचा शेर मापी, १.२ लिटर, सपाट. खालचा शेर वजनी, ८० तोळे.’